तुटली तार जोडूनच उठायचं

कौशल्याबाई परात्यांशी वाद घालून जिंकलेला माणूस मला लकडगंजात अजून भेटायचा आहे. माझं चष्म्याचं दुकान त्यांच्या दुकानाला खेटून आहे. मधे एक प्लायवूडची भिंत, ती त्यांच्या आवाजापुढे कधीच टिकली नाही. गिऱ्हाईक मला नंबर सांगतं आणि पलीकडून बाई त्याला सांगतात, की मोबाईल कमी पाहा, नंबर आपोआप उतरेल. माझ्या धंद्यावर असा पाय देणारी शेजारीण मिळायला नशीब लागतं.

त्यांच्याकडे एक टेबल, वर खाली ओढायचा दिवा, भिंग, मीटर आणि डाग द्यायची सोल्डरिंगची कांडी. पाटीवर मोठ्या अक्षरात ‘हेडफोन, नेकबँड, चार्जर दुरुस्ती’ आणि खाली, ‘फेकू नका, आधी दाखवा.’ नेकबँड म्हणजे गळ्यात घालायचे ते इअरफोन लोक इतके वापरतात आणि इतके आपटतात, की बाईंना सकाळपासून मान वर करायला फुरसत नसते.

त्या टांडापेठेतल्या कोष्ट्याच्या घरच्या. वडिलांचा हातमाग होता. माग थांबला, भाऊ कोणी कारखान्यात, कोणी कचेरीत गेले. बाईंचं लग्न रेडिओ दुरुस्त करणाऱ्याशी झालं आणि दुकानात डबा पोचवता पोचवता त्या काम शिकल्या. नवरा पुढे बस चालवायला लागला, दुकान मात्र बाईंनी सोडलं नाही. काम शिकताना नवऱ्यानं पहिल्यांदा हेडफोनची तुटलेली तार त्यांच्या हाती दिली, तेव्हा त्यांनी माहेरच्या सवयीनं बोटाला थुंकी लावून सुताची गाठ मारली. गाठ अशी बारीक, की नवऱ्याला दिसेना. आवाजही येईना. तांब्याच्या त्या केसासारख्या तारांवर लाखेचा थर असतो, तो जाळून कथील लावल्याशिवाय वीज पुढे सरकत नाही, हे त्यांना तेव्हा कळलं. हा किस्सा त्या स्वतःच सांगतात आणि शेवटी म्हणतात, “पण गाठ सुटली नाही हं!”

कोष्टी सुतालाही तारच म्हणतात. वडिलांचा नियम होता, मागावरून उठायचं तर तुटली तार जोडूनच उठायचं. ती तशीच राहिली तर पुढे विणलेल्या कापडात रेघ पडत जाते. बाईंनी हा नियम जसाच्या तसा दुकानात आणला. अर्धं काम टेबलावर ठेवून त्या जेवायलाही उठत नाहीत. आणि दुरुस्त झालेली वस्तू परत आलेली त्यांना खपत नाही. परत आलेल्या वस्तूबद्दल त्यांचं ठरलेलं मत असं, की चूक गिऱ्हाइकाची.

त्या दिवशी सकाळी मयुरा आली ती अशी परत आलेली वस्तू घेऊन.

मयुरा समोरच्या भैय्याजींच्या लाकूड कापायच्या आरामशीनवर काम करणारी पोरगी. एका हातात टेप, दुसऱ्या हातात खडू. लाकडाची मापं घ्यायची आणि चालता चालता फोनवर ऑर्डरी घ्यायच्या. हात मोकळा नसतो म्हणून नेकबँड. तो आदल्या दिवशी बिघडला होता. चालू केला की गळ्याशी थरथरायचा, आवाज मात्र नाही. बाईंनी तो उघडून पाहिला होता. डाव्या बाजूच्या डबीत बॅटरी, उजव्या बाजूच्या डबीत मशीन, आणि दोन्हींना जोडणाऱ्या तारा मानेमागच्या पट्टीतून. बॅटरीच्या लाल तारेचा सांधा हलत होता. चालू होताना मोटर थरथरायची, तेवढा भार ढिल्या सांध्याला पेलायचा नाही आणि बाकीचं मशीन तिथंच निजायचं. बाईंनी सांधा पक्का केला, इअरफोनची एक बोंडी कानात घालून गाणं ऐकलं आणि ‘झालं’ म्हणून दिला होता.

“मावशी, आवाज नाही येऊन राहिला,” मयुरा म्हणाली.

“येते वं! काल माह्या कानानं ऐकला.” बाईंनी नेकबँड घेतला, बोंडी कानात घातली. “हे पाह्य, ढोल वाजून राहिला. तुह्या कानात मळ असंल.”

मयुरा म्हणाली, “आज दुपारपर्यंत बेसाकडच्या बिल्डरचा फोन येणार आहे, चौकटींची मापं घ्याची आहेत. काल दोन फोन माह्या हातून सुटले. आज सुटला तर भैय्याजी मले कामावरून काढतीन.”

“नवीन घेऊन टाक ना,” मी भिंतीच्या अलीकडून म्हणालो.

“पगार व्हाचा आहे, भाऊ.”

“अन् दुर्गेशभाऊ, तुमाले कोणी इचारलं?” बाई कडाडल्या. “नवीन घ्याचं तं माहं दुकान कायले?” मग मयुराकडे वळून, “सांग बरं, कोणत्या कानात येत नाही?”

हा प्रश्न आदल्या दिवशी विचारला असता तर ही गोष्टच घडली नसती. मयुरानं रस्त्याकडे पाहिलं, आरामशीनकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, “डाव्या. मले एकच कान आहे मावशी. उजव्यानं लहानपणापासून ऐकू येत नाही. कोणाले सांगू नका. एका कानाची पोरगी आरामशीनवर कोण ठेवंल?”

भिंतीवरून पाहतो तो बाईंनी कानातली बोंडी काढली होती. ती उजवी होती. त्यांनी डावी घातली. चेहरा पडला. डावी मुकी होती.

“पट्टीतली तारही तुटली असंल,” त्या म्हणाल्या. “दोन बिघाड होते. म्या एकच पाह्यला.”

आठ वर्षांच्या शेजारात बाईंच्या तोंडून मी हे पहिल्यांदा ऐकलं. मला वाटलं होतं, ऐकून मजा वाटेल. नाही वाटली.

मीच सुचवलं, की उजवी बोंडी डाव्या कानात घाल, काम भागेल. मयुरा म्हणाली, की काल तेच करून पाहिलं. तार गळ्यावरून आडवी ताणली जाते, मापाला वाकलं की बोंडी निघून पडते. “अन् सगळे इचारतात, अशी उलटी काहून घातली.”

“काही नाही घालाची उलटी,” बाई म्हणाल्या. “बस.”

मग त्यांनी मीटर लावला. डाव्या बोंडीला आवाज पोचवणाऱ्या तारा दोन. एकीवर मीटर बीप करत होता, दुसरीवर नाही. बाई बोटांनी पट्टी थोडी थोडी वाकवत पुढे सरकल्या. पट्टी जिथं उजव्या डबीत शिरते, तिथं वाकवल्यावर मीटर एकदा किंचित बोलला आणि पुन्हा गप्प झाला. खिशात दुमडून कोंबताना नेकबँड नेहमी तिथंच मुडपतो. तार तिथं तुटली होती, पण पट्टीच्या आत, चिमटा पोचणार नाही इतकी आत.

“पट्टी कापा,” मी म्हणालो. गप्प राहणं मला जमत नाही.

“कापलेली पट्टी घालून पोरगी चार लोकांत फिरंल?” बाईंनी वर न पाहताच मला निकालात काढलं.

त्यांनी बॅटरी आधी सोडवून बाजूला ठेवली. मग जी तार शाबूत होती तिची दोन्ही टोकं मोकळी केली. तिच्या एका टोकाला दोन नव्या तारा बांधल्या, एक तुटलेल्या तारेसाठी, एक तिच्याच जागी. बोटाला थुंकी लावून, तीच सुताची गाठ. मागावर उभ्या सुतांचा नवा ताणा असाच जुन्याला बांधून फणीतून ओढतात, गाठ जाडी झाली की अडकली. बाई पलीकडच्या टोकानं जुनी तार ओढू लागल्या, केसाकेसानं. पट्टीच्या मधल्या वळणावर ती थांबली. बाईंनी जोर केला नाही. तार जराशी मागे घेतली, पट्टी सरळ केली आणि पुन्हा ओढली. दोन्ही नव्या तारा पलीकडे बाहेर आल्या.

खोटं कशाला बोलू, मी टाळी वाजवली. समोर गिऱ्हाईक बसलं होतं, डोळ्यांवर तपासणीची चौकट तशीच. आमच्या गल्लीत असा हात आहे याचा मला इतका अभिमान वाटला, की जणू ती गाठ मीच मारली होती.

बाईंनी गाठ कापून टाकली, टोकांची लाख जाळली, कथील लावलं, तारा जागच्या जागी जोडल्या आणि सांधा पुन्हा ताणला जाऊ नये म्हणून डबीच्या तोंडाशी गोंदाचा थेंब दिला. बॅटरी लावली, तिचा सांधा हलवून हलवून पाहिला. मग आधी डावी बोंडी कानात, मग उजवी. तेवढ्यानंही समाधान नाही. “तू घाल.”

नेकबँड मयुराच्या गळ्याशी थरथरला आणि तिचा चेहरा उजळला. नुसतं गाणं लागलं होतं, पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात बेसाचा फोन आला. पोरीनं कमरेचा खडू काढला आणि बाईंच्या दुकानाच्या पुढच्या फळीवरच मापं लिहायला सुरुवात केली. “सात बाय साडेतीन, हो. दोन चौकटी सव्वातीनच्या. सागाच्या. पुन्हा म्हणू का?” बाजूनं हॉर्न वाजवत टेम्पो गेला, तिनं एकही आकडा दुसऱ्यांदा विचारला नाही.

फोन संपतो न संपतो तोच भैय्याजी रस्ता ओलांडून आले. मयुराच्या उजव्या अंगाला उभे राहून ओरडले, “कवापासून हाका मारून राहिलो! बेसावाल्याचं काय झालं?”

पोरीला पत्ताच नाही. ती फळीवरची मापं ताडून पाहत होती.

“तिले काही बोलू नका, भैय्याजी,” कौशल्याबाई उठून उभ्या राहिल्या. “काल मशीन माह्या हातून अर्धं गेलं. तिचे फोन माह्यामुळं सुटले. चूक माही.”

बाईंचा आवाज ऐकून मयुरा वळली. तिनं आधी बाईंकडे पाहिलं, मग भैय्याजींकडे. खडू मुठीत घट्ट धरून म्हणाली, “भैय्याजी, माहा उजवा कान चालत नाही. डाव्यानं मी सगळं ऐकते. बेसाची सगळी मापं घेतली. ठेवाचं तं ठेवा.”

मी भिंतीला धरून उभा होतो. भैय्याजी म्हणजे तापट माणूस, लाकडाला गाठ निघाली तरी झाडाला शिव्या देणारा.

“म्हणजे मी चार महिने बहिऱ्या कानात ओरडून राहिलो?” ते म्हणाले. “आधी सांगाचं ना वं. घसा गेला माहा.”

मग मयुराच्या मागून वळसा घालून ते तिच्या डाव्या बाजूला येऊन उभे राहिले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, “हां, सांग आता. चौकटी किती?”