वर्षश्राद्धाच्या पैशांवर वाजलेला बँड

बँकेच्या ॲपमध्ये हिने कुणाचंच खरं नाव ठेवलं नव्हतं. वाणी ‘उधारीबहाद्दर’, प्लंबर ‘उद्या येतो’. आता हिच्याच वर्षश्राद्धाच्या जेवणासाठी केटररला वीस हजार आगाऊ द्यायचे होते. यादीत ‘लग्नाचे काका’ दिसले. मुलीच्या लग्नातलं जेवण याच केटररचं होतं, म्हणून मी ‘पुढच्या रविवारसाठी आगाऊ’ असा शेरा लिहून निःशंकपणे पैसे पाठवले.

मुलगी कपाळाला हात लावून म्हणाली, “बाबा, ते बँडवाले! केटरर म्हणजे ‘मठ्ठेवाले’.”

ठाण्यातल्या टेंभी नाक्यावरच्या बँडवाल्यांना फोन केला. “चुकून आले, परत पाठवा, असे फोन रोज येतात हो,” म्हणत त्यांनी तो ठेवला. डोंबिवलीच्या शाखेतल्या बाईंनी तक्रार नोंदवून घेतली. “पण समोरच्याच्या संमतीशिवाय आम्ही पैसे ओढून आणू शकत नाही, काका. त्यांना लेखी पत्रही द्या.” शनिवारपर्यंत आगाऊ रक्कम मिळाली नाही, तर केटरर दुसरं काम घेणार होते. हिच्या नावाचं पान हॉटेलच्या डब्यातून वाढायचं, ही कल्पना मला सोसेना.

पहिला मसुदा मुलीने वाचला. “चार वेळा क्षमस्व? बाबा, पैसे आपले आहेत!”

मग एकच क्षमस्व ठेवून लिहिलं: व्यवहाराची तारीख, रक्कम आणि क्रमांक, बँकेतल्या तक्रारीचा क्रमांक. ‘सदर रक्कम आपल्या बँडच्या कामासाठी आगाऊ म्हणून दिलेली नाही. ती ज्या खात्यातून आली, त्याच खात्यात शुक्रवारपर्यंत परत करावी, ही विनंती. अन्यथा मला पुढील तक्रार करावी लागेल.’

पोच हवी म्हणून दोन प्रती घेऊन मी स्वतःच ठाण्याला गेलो. बँडचे मालक ढोलाच्या दोऱ्या आवळत होते. पत्र वाचून त्यांनी चष्मा वर केला.

“त्याच खात्यात म्हणताय, म्हणजे फसवणूक नाही. फसवणारे दुसरा नंबर देतात. पण साहेब, मी तर पुढचा रविवार तुमच्यासाठी धरून ठेवलेला! दोघांना नाही म्हणालो. कार्य कसलं?”

“माझ्या बायकोचं वर्षश्राद्ध.”

त्यांनी दोऱ्या सोडल्या. “म्हणजे तुमच्या मुलीच्या वरातीत आमच्या पोरांना पाणी मिळेपर्यंत मिरवणूक अडवून धरणाऱ्या वहिनी?”

“त्याच.”

“नवरदेवाचा घोडा ताटकळलेला, पण बाई हलेनात!” ते हसत सुटले, मीही. वर्षभरात तिच्याबद्दल बोलताना मी पहिल्यांदाच असा मोठ्याने हसलो असेन. त्यांनी तिथेच पैसे परत पाठवले, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारला आणि विचारलं, “रविवार रिकामाच आहे. वाजवायला नाही, जेवायला येऊ?”

“या ना. पण पैसे आता मठ्ठेवाल्यांना पाठवायचेत. नाव तेवढं तुम्हीच बघून द्या.”

त्यांनी माझ्या मोबाइलवर दोनदा बघून मान डोलावली, तेव्हाच मी बटण दाबलं.