पंचवीस डॉलरची मर्यादा

प्रमोदिनी खासनीस यांचा कुणावर पटकन विश्वास बसत नसे. कॅनडात, ओटावाजवळच्या कनाटात, एका टेलिकॉम कंपनीत त्यांनी एकवीस वर्षं टेस्टिंगमध्ये काढली होती. दुसऱ्यांनी 'चालतंय' म्हणून पाठवलेलं यंत्र कुठे चालत नाही ते शोधून काढायचं, हेच त्यांचं काम. नोकरी संपली तरी खोड गेली नाही. ग्रोसरीचं बिल त्या दुकानाच्या दारातच उभं राहून तपासत. फर्नेसवाला "फिल्टर बदलला" म्हणाला, तर खाली उतरून झाकण काढून बघत. यजमान मिलिंदराव म्हणायचे, "अगं, माझ्याही पेन्शनची चौकशी कर एकदा." प्रमोदिनीबाईंनी ती केलेली होती, हे मिलिंदरावांना माहीत नव्हतं.

बेटिंगच्या भानगडीत त्या पडल्या त्या मुलामुळे. नंदन टोरंटोत असायचा. ख्रिसमसला घरी आला आणि हॉकीची मॅच बघता बघता फोनवर काहीतरी टिचकी मारली. काय केलंस म्हणून विचारलं तर म्हणाला, "आई, रिलॅक्स. इट्स बूस्टेड. कंपनीनेच भाव वाढवून दिलाय."

फोन हातात घेऊन त्यांनी पाहिलं. तीन वेगवेगळ्या मॅचेसमधल्या तीन गोष्टी, तिन्ही घडल्या तरच पैसे. आधीचा भाव साडेसहा, म्हणजे जिंकलं तर एका डॉलरला साडेसहा परत; त्यावर काट मारलेली, शेजारी हिरव्या अक्षरांत सव्वासात. सेलमध्ये साडीवर असते तशीच ती काट, आणि साडीच्या काटेवरही प्रमोदिनीबाईंचा कधी विश्वास नव्हता.

"या एकेका गोष्टीचा भाव किती आहे?" त्यांनी विचारलं.

"वन एटी-सेव्हन. होईल किंवा नाही होईल, बोथ साइड्स सेम."

म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक डॉलर लावला तर दोन डॉलर जातात आणि येतात एक डॉलर सत्त्याऐंशी सेंट. मधले तेरा सेंट कंपनीचे. ते बाजूला काढले तर गोष्ट सरळ निम्म्या शक्यतेची, आणि तिचा खरा भाव दोन. अशा तीन गोष्टी एकत्र बांधल्या तर दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठ.

"म्हणजे आठाची वस्तू हे सव्वासातला देताहेत आणि वर ढोल वाजवताहेत," त्या म्हणाल्या. "बूस्ट करूनही शंभरातले नऊ डॉलर तुझे कापलेच."

नंदन म्हणाला, "इट्स जस्ट फॉर फन, आई," आणि मॅच बघू लागला.

त्याच्यासाठी विषय तिथे संपला, त्यांच्यासाठी नाही. हे सगळेच बूस्ट खोटे असणार, हे कागदावर सिद्ध करायचं त्यांनी मनाशी घेतलं. एका वहीत रोजचे बूस्ट उतरवायला सुरुवात केली. एकाच अ‍ॅपचा भाव चुकीचा असू शकतो, म्हणून तीन अ‍ॅपवरचे दोन्ही बाजूंचे भाव घ्यायच्या. एकाला प्रत्येक भावाने भागायचं. बेरीज एकाच्या वर जाते, ती एकावर आणायची, म्हणजे कंपनीचा कट निघून खरी शक्यता उरते. तिला बूस्टच्या भावाने गुणायचं. उत्तर एकापेक्षा कमी आलं तर बूस्ट नुसता रंग लावलेला.

बहुतेक वेळा कमीच यायचं. पण एका मंगळवारी एक दशांश शून्य पाच आलं. एका खेळाडूच्या गोलावरच्या शॉट्सचा भाव एक सत्त्याऐंशीवरून दोन दहा केला होता. खरा भाव दोनच. त्यांनी तीनदा तपासलं. शंभरामागे पाच डॉलर कंपनी स्वतःहून देत होती. प्रमोदिनीबाईंना आनंद झाला नाही, उलट त्या अस्वस्थ झाल्या. कोण कशाला देईल?

उत्तर खाली बारीक अक्षरांत होतं. जास्तीत जास्त पंचवीस डॉलर लावता येतील. पंचविसाचे पाच टक्के, सव्वा डॉलर. कंपनी लोकांना अ‍ॅपवर आणण्यासाठी माणशी सव्वा डॉलर खर्च करत होती, आणि तो खर्च त्याच्या पुढे जाऊ नये म्हणून झाकण घट्ट बसवून ठेवलं होतं.

मग त्यांनी स्वतःचं खातं उघडलं आणि फक्त खऱ्या बूस्टवर, मर्यादेइतकेच पैसे लावू लागल्या. मिलिंदरावांना हे पसंत नव्हतं. "आमच्या अकोल्यात याला सट्टा म्हणतात," ते म्हणाले. जानेवारीत बासष्ट बूस्टपैकी तेवीस खरे निघाले. काहींवर दहाचीच मर्यादा होती. सगळ्यांचा मिळून कागदावरचा नफा चोवीस डॉलर साठ सेंट, आणि प्रत्यक्षात महिनाअखेर त्या एकेचाळीस डॉलर हरल्या होत्या. मिलिंदराव हसले. प्रमोदिनीबाईंनी समजावून सांगितलं, की चोवीस ही सरासरी आहे, तेवीस डावांत नशीब इकडेतिकडे शंभर डॉलर सहज हलतं. मिलिंदराव आणखी हसले.

त्यांच्या बेसमेंटमध्ये ऊर्मी राहायची, नागपूरची, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. बावीस वर्षांची मुलगी, फार्मसीत पार्टटाइम काम करायची, आणि पीआरच्या, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याच्या फाइलसाठी प्रत्येक कागद जपून ठेवायची. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी ती कपडे ड्रायरला लावून वर आली. टेबलावर वही उघडी होती.

"काकू, तुम्ही पण बूस्ट खेळता का?" तिने विचारलं. आवाजात सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं.

'पण' हा शब्द प्रमोदिनीबाईंनी ऐकला. त्यांनी चहा पुढे केला.

ऊर्मीने सांगितलं. तिच्या वर्गातल्या अनुपने एका ग्रुपची ओळख करून दिली होती. ते लोक फक्त बूस्ट खेळतात, गणित करून. एका माणसाला एकच खातं मिळतं, म्हणून ते विद्यार्थ्यांची खाती वापरतात. तिने आपल्या नावावर खातं उघडायचं, स्टडी परमिटचा फोटो द्यायचा, पासवर्ड त्यांना. महिन्याला तीनशे डॉलर.

"तीनशे," प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

"हो ना. अनुपला दोन महिन्यांपासून मिळतात. म्हटलं, एवढ्यात माझी ग्रोसरी होऊन जाते."

प्रमोदिनीबाईंनी वही तिच्याकडे वळवली. "हा माझा महिना बघ. एकही खरा बूस्ट मी सोडला नाही. एका खात्याची किंमत चोवीस डॉलर. पाच अ‍ॅपवर पाच खाती धरलीस तरी सव्वाशेच्या आत. सव्वाशे मिळवायला तीनशे कोण देतं?"

"त्यांना जास्त चांगलं जमत असेल."

"जमू दे. दुप्पट जमू दे. तरी अडीचशेच होतात. पंचवीसच्या वर लावूच देत नाहीत, तिथे हुशारी काय करणार?" त्या थांबल्या. "पैसे कसे घालतात खात्यात?"

ऊर्मीने कप खाली ठेवला. "ते मला ई-ट्रान्सफर करतात. मी अ‍ॅपमध्ये टाकते. नंतर पैसे माझ्या बँकेत परत येतात, ते मी सांगतील तिथे पाठवते."

"किती?"

"पहिल्यांदाच आलेत. काल. दोन हजार."

ड्रायर खाली घरघरत होता. प्रमोदिनीबाईंनी पेन्सिल उचलली, पण लिहायची गरज नव्हती. रोज एक बूस्ट म्हटला तरी आठवड्याला पावणेदोनशे लागतात. दोन हजार घालून करायचं काय?

"म्हणजे हे बूस्टचे पैसे नाहीत," ऊर्मी हळूच म्हणाली. तिने स्वतःच ते म्हटलं, याचं प्रमोदिनीबाईंना बरं वाटलं.

"कशाचे आहेत ते मला माहीत नाही. पण त्यांना ते तुझ्या नावातून फिरवायचे आहेत, आणि त्याचे तुला तीनशे देताहेत. अ‍ॅपमध्ये टाकलेस?"

"नाही. आज संध्याकाळी टाकायचे होते."

तिने अनुपला फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि काकू काय म्हणताहेत ते सांगितलं. अनुप आधी हसला. "काकूंना म्हण टेन्शन नका घेऊ, सगळे करतात हे."

"अनुप, तुझ्या खात्यातून दोन महिन्यांत किती गेले असतील?" प्रमोदिनीबाईंनी विचारलं.

"मोजले नाही."

"आणि बूस्टवर पंचवीसच लावता येतात, हे ठाऊक आहे ना? मग बाकीच्या पैशांचं काय करतात?"

तो म्हणाला, "मी विचारलं नाही कधी," आणि फोन ठेवला. पाच मिनिटांनी त्याचा ऊर्मीला मेसेज आला, की पैसे ताबडतोब परत पाठव, विषय संपला. प्रमोदिनीबाईंनी तिचा हात धरला. परत पाठवायचं तरी कुणाला? ज्या नावाने पैसे आले तो माणूस खरा आहे की नाही, आणि परत पाठवायला सांगितलेला पत्ता त्याचाच आहे की नाही, यातलं काहीच माहीत नव्हतं.

"बँकेला फोन कर," त्या म्हणाल्या. "आधी आपण सांगायचं. त्यांनी विचारल्यावर सांगण्यात आणि आधी सांगण्यात फरक आहे."

"माझ्या पीआरवर येईल का काकू?"

"ते मी सांगू शकत नाही. वकिलाला विचारू. पण गप्प बसलीस तर नक्की बरं होणार नाही."

बँकेने खातं त्याच दिवशी गोठवलं. ऊर्मीचा स्वतःचा पगारही त्यात अडकला. अ‍ॅपच्या कंपनीला कळवून तिथलं खातं बंद केलं. पुढचे सोळा दिवस ती बसचं भाडं प्रमोदिनीबाईंकडून घेऊन कामावर गेली आणि त्यांच्याच टेबलावर जेवली. एकदा म्हणाली, "तुम्हाला माझ्यावर पण संशय आला होता का?"

प्रमोदिनीबाईंनी खोटं सांगितलं नाही. "आला होता. तू 'पण' म्हणालीस तेव्हा. मग तू रक्कम स्वतःहून सांगितलीस, तेव्हा गेला."

सतराव्या दिवशी खातं सुटलं. दोन हजार बँकेने काढून घेतले होते. ते कुणाचे होते, हे तिथल्या बाईंनी सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, की ज्यांचे होते त्यांनाही ते गेल्याचं आठवड्याभराने कळलं. वकिलाने सगळ्या ईमेल जपून ठेवायला सांगितल्या आणि आपण आधी कळवलं ते बरं झालं म्हणाला. अनुपला मात्र, त्याच्या नावातून गेलेल्या पैशांमुळे, दोन बँकांनी खातं नाकारलं. एप्रिलमध्ये तो एकदा घरी आला, बूट काढून दारातच उभा राहिला. त्याला वकिलाचा नंबर हवा होता. प्रमोदिनीबाईंनी नंबर दिला आणि पोहे खायला बसवलं. तो खाताना त्यांनी एकदोन प्रश्न विचारले, ग्रुपमध्ये आणखी कोण कोण आहेत म्हणून. त्याने चार नावं सांगितली. त्या चौघांना फोन करून सावध करायला ऊर्मी त्याच्यासोबत खाली गेली.

त्याच आठवड्यात प्रमोदिनीबाईंना बेटिंगच्या कंपनीची ईमेल आली: आपल्या खात्यावर यापुढे बूस्ट उपलब्ध नसतील. कारण दिलं नव्हतं. नुसते खरेच बूस्ट वेचून घेणारं गिऱ्हाईक त्यांना नको होतं, एवढं त्या समजल्या. त्यांनी ईमेल मिलिंदरावांना दाखवली.

"सुटलीस एकदाची," ते म्हणाले.

"सव्वा डॉलरसाठी यांनी माझ्यावर नजर ठेवली," प्रमोदिनीबाई म्हणाल्या, आणि खात्यात उरलेले एकोणीस डॉलर काढून घेण्याचं बटन कुठे लपवून ठेवलंय ते शोधू लागल्या.