करून दाखवा

कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनच्या विभागात, त्याला सगळे मास्तर म्हणत. खरं तर शाळेशी त्याचं कधीच जमलं नव्हतं. पण नवीन भरती झाली की सेफ्टी ऑफिसर वर्गात चित्रं दाखवायचा, आग लागली तर कुठून पळायचं ते सांगायचा, आणि माणसं मास्तरच्या हवाली करायचा. मशीनजवळचं इंडक्शन, म्हणजे नव्या माणसाची पहिली शिकवणी, त्या मशीनच्या सुपरवायझरनंच द्यायचं, असा नियम होता. आणि मास्तर ते असं रंगवायचा की जुने कामगारसुद्धा काम सोडून ऐकायला यायचे.

"प्रेसला डोळे नसतात," तो म्हणायचा, "पत्रा आणि पंजा यांतला फरक तिला माझी सासूसुद्धा समजावू शकणार नाही, आणि माझ्या सासूनं भल्याभल्यांना समजावलंय." सगळे पोट धरून हसायचे. मग मशीन थांबवायचं लाल बटण दाखवायचं, हात आत जाऊ नये म्हणून लावलेली जाळी दाखवायची, दोन्ही हातांची दोन बटणं दाखवायची आणि शेवटी विचारायचं, "समजलं का?" सगळे एका सुरात हो म्हणायचे. संपलं इंडक्शन.

आता नोकरीच्या पहिल्या दिवशी या प्रश्नाला 'नाही' म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय. मास्तरला हे कळत नव्हतं, असं कोण म्हणेल? पण हशा मिळाला की माणसाला वाटतं, शिकवणंही झालं.

खरी गोम होती कोपऱ्यातल्या जुन्या प्रेसमध्ये. दोन बटणं मुद्दाम एकमेकांपासून लांब बसवलेली. दोन्ही दाबली तरच वरचा ठोकळा खाली येणार, म्हणजे दोन्ही हात आपोआप साच्याबाहेर. नव्या प्रेसना दोन्ही बटणं प्रत्येक वेळी एकदमच दाबावी लागतात, तिथं लबाडी चालत नाही. ही जुनी मात्र भोळी होती. डावं बटण लाकडी पाचर मारून दाबून ठेवलं तरी ती चालायची. मग एक हात बटणावर आणि दुसरा मोकळा, पत्रा सरकवायला. माल भराभर निघायचा.

ती पाचर मारणारा मास्तरचा सख्खा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. मास्तरनंच शब्द टाकून त्याला कामाला लावलं होतं. मास्तरनं पाचर पाहिली होती. एकदा नाही, बऱ्याचदा. बोललं तर घरात अबोला, वर कळवलं तर मेहुण्याची नोकरी, आणि प्रेस हळू झाली तर मॅनेजर आपल्या मानगुटीवर. असा तिन्हीकडून दाबलेला माणूस काय करतो? मास्तरनं खोकायला सुरुवात केली. त्या कोपऱ्याकडे निघाला की लांबूनच मोठ्यानं खोकायचा. तो पोचेपर्यंत पाचर मागच्या फळीवर गेलेली असायची, मेहुण्याचे दोन्ही हात दोन बटणांवर, आणि सगळं कसं नियमात. घसा मात्र ठणठणीत होता.

अशात एक बाई कामाला लागल्या. चाळिशीच्या, आधी घरी शिलाई करणाऱ्या, फार न बोलणाऱ्या. मास्तरच्या विनोदावर हसल्या नाहीत, म्हणून त्याला त्या जरा कोरड्याच वाटल्या. नियमाप्रमाणे, सुपरवायझर पास करेपर्यंत नव्या माणसानं एकट्यानं मशीन चालवायचं नसतं. जुन्या कामगाराशेजारी उभं राहून बघायचं. मॅनेजरला माल हवा होता, जुन्या प्रेसवर माणूस कमी होता. मास्तरनं बाईंना मेहुण्याशेजारी उभं केलं.

दोनेक दिवसांनी सेफ्टी ऑफिसर आला. म्हणाला, "मास्तर, तुमचं भाषण फर्मास असतं. पण आता भाषणावर पास करायचं नाही. प्रेस बंद ठेवून माणसाकडून सगळं करून घ्यायचं. मी बघतो."

मेन स्विच बंद करून त्यावर कुलूप घातलं. प्रेस सुरू होत नाही ना, तेही बटण दाबून पाहिलं. मास्तर म्हणाला, "करा बाई, रोज बघता तसं."

बाईंनी सगळं व्यवस्थित केलं. केस टोपीत आहेत ना ते पाहिलं, लाल बटण तपासलं, जाळी हलवून पाहिली. पत्रा साच्यात ठेवला. मग मागे वळून फळीवरची पाचर घेतली आणि डाव्या बटणावर नीट ठोकून बसवली.

"हे काय?" सेफ्टी ऑफिसरनं विचारलं.

"ही अशी लावायची," बाई म्हणाल्या. "आणि लांबून साहेबांचा खोकला आला की काढून ठेवायची."

त्या बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती की तक्रार नव्हती. जे शिकवलं ते त्या म्हणून दाखवत होत्या. मास्तरला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. मेहुणा बुटांकडे बघत उभा राहिला.

थोड्या वेळात मास्तर मॅनेजरच्या केबिनमध्ये होता. मॅनेजर काही राक्षस नव्हता. त्याच्याही डोक्यावर कोणीतरी बसलेलं होतंच. आवाज मऊ करून म्हणाला, "बाई नवीन आहेत, अजून कायम नाहीत. शिकताना गोंधळल्या, असं कळवू. त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणू. तुमचा मेहुणाही सुटेल, तुम्हीही सुटाल. प्रेस दुपारी सुरू."

खिडकीतून बाई दिसत होत्या. बाकावर बसल्या होत्या, हात मांडीवर. आपलं काय चुकलं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मास्तरला त्या क्षणी त्यांचा रागही आला, खोटं का बोला. एवढं सगळं बघायची गरज होती का? पण ते हात दिसत होते, आणि तसेच हात, दुपारी नाहीतर उद्या, मेहुण्याचे नाहीतर पुढच्या कुणाचे तरी, त्याच साच्यात जाणार होते.

"त्या गोंधळल्या नाहीत," तो म्हणाला. "आमच्याकडून जे शिकायला मिळालं तेवढंच शिकल्या. इंडक्शन माझं, खोकला माझा. बटणं बदलल्याशिवाय ती प्रेस सुरू करायची नाही."

"आणि माल?"

"माल उशिरा जाईल."

"आणि तुमचा मेहुणा?"

मास्तरनं टेबलावरचा कागद ओढला आणि पाचर कोण मारायचं ते लिहून दिलं. तेच उत्तर होतं.

मेहुण्याला चौकशी होईपर्यंत घरी बसवलं. मास्तरचं सुपरवायझरपण राहतं की जातं, तेही चौकशीवर लटकलं. बाईंना नव्या प्रेसवर पुन्हा पहिल्यापासून शिकवायला घेतलं; या वेळी मास्तरनं एकही विनोद केला नाही आणि समजलं का असंही विचारलं नाही. प्रत्येक गोष्ट करून घेतली, चुकलं तिथं पुन्हा करून घेतली.

घरी बायकोनं ताट वाढलं, पण शब्द वाढला नाही. जेवण होतंय तोच मेहुणा आला. दारातच उभा राहिला. मास्तरनं मनाची तयारी केली होती. माझ्या पोटावर पाय दिलात, बहिणीकडे तरी बघायचं होतं, असं काहीतरी तो म्हणणार. त्याची उत्तरंही वाटेत जुळवून ठेवली होती.

मेहुणा आत आला, समोर बसला. चिडलेला नव्हता, त्यामुळे जास्तच अवघड झालं.

"भावजी, एकच विचारतो," तो म्हणाला. "तुम्ही खोकायचात तेव्हा मला वाटायचं, यांना चालतंय. चालत नव्हतं, तर माझा हात जाईल याची तुम्हाला भीती वाटली नाही का?"

बायको ओट्याशी उभी होती. तीही वळून नवऱ्याकडे बघू लागली.