आज फोन करायचे: शून्य

अठराव्या वर्षी मी पहिलं पत्रक लिहिलं ते एका शून्याविरुद्ध. फवारणी करताना विषबाधा झालेल्या मजुरांचा आकडा आमच्या तालुक्याच्या कागदावर शून्य होता, आणि आमच्याच गल्लीतले दोघे त्या आठवड्यात अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात पडून होते. बाबांनी ते पत्रक छापून आणलं आणि मी बसस्टँडवर वाटलं. खोटं बोलणाऱ्या शून्याचा मला तेव्हापासून राग आहे. म्हणून पुढची गोष्ट लिहिताना हात जड होतो.

कपाशीवरच्या फवारणीचे ते वाईट हंगाम होते. अकोल्यात जठारपेठेतल्या एका खोलीत आम्ही काही जण विषबाधितांची नोंद ठेवायचो. गावोगावच्या आशाताई मोबाइलवरून नाव, औषध आणि तारीख भरायच्या. दवाखान्यातून घरी गेलेल्या माणसाला पुढचे चार दिवस रोज फोन जायचा, कारण या विषाचा एक दगा असतो. माणूस बरा वाटतो, घरी येतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याची मान ढिली पडते. उशीवरून डोकं उचलता आलं नाही, तर पुढची पाळी श्वासाची असते. फोनवर पहिला प्रश्न तोच असायचा: मान उचलता येते का?

हे फोन करायच्या सिस्टर. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, मला बेटा म्हणणाऱ्या, उर्दू आणि वऱ्हाडी एकाच श्वासात बोलणाऱ्या. त्यांची एक निळी वही होती. ॲप मी तयार केलं आणि वही बंद करायला लावली. दोन ठिकाणी लिहिलं की चुका होतात, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी वही पिशवीत घातली, पण तोंड वाकडं करून.

त्या सकाळी लाइट गेली. इन्व्हर्टरची बॅटरी आधीच मेलेली होती, त्यामुळे कोपऱ्यातला संगणक, म्हणजे आमचा सर्व्हर, बंद पडला. नऊच्या सुमारास लाइट आली, संगणक सुरू झाला आणि ॲपही आपोआप सुरू झालं. मला बरं वाटलं.

दहाला सिस्टरांनी यादी उघडली. पडद्यावर हिरव्या अक्षरांत होतं: आज फोन करायचे: शून्य.

"बेटा, तो चांदूर बाजारकडचा माणूस? परवा घरी आला ना? आज त्याले फोन पायजे."

मी मान वर न करता सांगितलं, की अमरावतीच्या डॉक्टरांनी त्याचं नाव बंद केलं असेल. "स्क्रीनवर नाही म्हणजे नाही, सिस्टर."

हे वाक्य माझं आहे. त्याचा दोष मी दुसऱ्या कुणाला वाटून देऊ शकत नाही.

साडेबाराला त्याच गावच्या आशाताईंचा फोन आला. आवाज अगदी शांत होता, म्हणून जास्त भीती वाटली. "ताई, त्या भाऊची मान धरून नाही रायली. त्याची बायको डोकं हातात धरून बसली हाये. तुमचा फोन येईन म्हणून वाट पायली आमी. आन मोबाइलवर त्याचं नावच नाही दिसत. काहून?"

मी नाव शोधलं. नव्हतं. गाव शोधलं. नव्हतं. आठ महिन्यांच्या शेकडो माणसांतलं एकही नाव तिथे नव्हतं. होती ती पंचवीस नावं, आणि ती सगळी मीच बनवलेली. मला वाटलं सगळं पुसलं गेलं, आणि लाइट जाताना ते मीच गमावलं.

मग ती नावं ओळखीची वाटली. आशाताईंना शिकवण्यासाठी मी सरावाचा एक वेगळा डेटाबेस केला होता. त्यात सगळे रोगी खोटे, आणि सगळे बरे झालेले. ॲप त्यालाच जोडलं गेलं होतं.

खऱ्या डेटाबेसचा पत्ता प्रोग्रॅममध्ये लिहिलेला नव्हता. सुरू होताना प्रोग्रॅम तो संगणकाला विचारतो. ज्या जागी हा पत्ता ठेवतात, तिला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात. दोन महिन्यांपूर्वी मी तो टर्मिनलमध्ये, म्हणजे संगणकाला आज्ञा देण्याच्या काळ्या खिडकीत, हाताने टाइप केला आणि तिथूनच ॲप चालू केलं. तेव्हापासून ते थांबलंच नव्हतं. संगणक बंद झाला आणि तो पत्ता त्याच्यासोबत गेला. आपोआप सुरू होण्याच्या फाइलमध्ये मी तो लिहिलाच नव्हता. आणि पत्ता मिळाला नाही तर सरावाचा डेटाबेस घे, हेही मीच लिहून ठेवलं होतं, शिकताना सोयीचं म्हणून. आशाताईंची लॉगिनसुद्धा तिकडे तीच होती. त्यामुळे कुठेच काही अडलं नाही, चूक म्हणून एक ओळही आली नाही.

घाईत तो पत्ता दोनदा चुकला. सिस्टर मागे उभ्या होत्या. तिसऱ्यांदा बरोबर टाइप झाला, मी ॲप बंद करून पुन्हा सुरू केलं. आज फोन करायचे: अकरा. सगळ्यात वर तो माणूस, तिसरा दिवस.

सिस्टरांनी आशाताईंना परत फोन लावला. त्याला कुशीवर झोपवा, काही खाऊ-पिऊ घालू नका, गाडी करून अमरावतीला न्या, पोचेपर्यंत श्वास पाहत राहा, असं त्या एकेक करून सांगत होत्या. मग अमरावतीला फोन करून त्यांनी औषधाचं नाव आणि पहिल्या दिवशीचे उपचार पडद्यावरून वाचून दाखवले. मग उरलेले दहा फोन.

मला अजून एक आठवलं. सरावाच्या डेटाबेसमध्ये नवीन भरलेलं सगळं रोज दुपारी दोनला आपोआप पुसलं जाई. सकाळपासून आशाताईंनी भरलेल्या तीन खऱ्या नोंदी त्याच्यात पडल्या होत्या. मी आधी ते पुसण्याचं काम थांबवलं, मग तिन्ही नोंदी कागदावर उतरवल्या आणि खऱ्या डेटाबेसमध्ये भरल्या. सिस्टरांनी पिशवीतून निळी वही काढून माझ्यापुढे ठेवली. "याच्यातबी लिही."

अमरावतीहून फोन यायला चार वाजले. नोंदी भरून झाल्यापासून मी खुर्चीवर तशीच बसून होते. पत्रकांत मी किती अधिकाऱ्यांना खुनी म्हटलं होतं, ते एकेक आठवत होतं. त्यांनीही असंच एका कागदावर विसंबून मान वर केली नसेल का, असं मनात आलं. त्यांना माफ करावंसं वाटलं नाही. स्वतःला तर नाहीच.

"पोचला," सिस्टर म्हणाल्या. "श्वासाच्या मशीनवर घेतला. अर्धा तास उशीर झाला असता तर..."

त्याच संध्याकाळी मी ती सोयीची ओळ काढून टाकली आणि पत्ता सुरू होण्याच्या फाइलमध्ये लिहिला. आता पत्ता मिळाला नाही तर ॲप सुरूच होत नाही. मी तीनदा संगणक बंद करून पाहिलं. एकदा मुद्दाम पत्ता काढून टाकला, तेव्हा लाल ओळ आली आणि सगळं अडून राहिलं. ती लाल ओळ पाहून मला रडू आलं.

तो माणूस तीन आठवड्यांनी घरी आला. मी चांदूर बाजारची बस पकडून त्याच्या गावी गेले आणि घडलं ते सांगितलं. नळीमुळे त्याचा आवाज बसलेला होता. बायको तूर पाखडत होती.

"म्हंजे मी होतो तुमच्या त्याच्यात?" त्याने विचारलं.

"होता. मशीन दुसऱ्याच वहीत पाहत होतं."

"आन त्याले समजलं नाही, की वही दुसरी हाये?"

"नाही. ते विचारायला मी त्याला शिकवलं नव्हतं."

सूप थांबलं. "आता शिकवलं?" बायकोने विचारलं.

मी हो म्हटलं. आता वही सापडली नाही तर ते सुरूच होत नाही, आणि सिस्टर आपली निळी वहीही लिहितात, हेही सांगितलं.

"त्या दिवशी म्या त्याचं डोकं धरलं होतं," ती म्हणाली. "हात भरून आले होते, पण फोन येईन म्हणून सोडलं नाही." मग तिने सूप पुन्हा उचललं. "सिस्टरबाईले सांगा, यादीत कोणी नसलं तरी गावातल्या आशाताईले एक फोन करून पायत जा म्हना."