कोमट भांडं

इस्पितळाच्या फाटकासमोर तिची चहाची गाडी. गाडीवर पत्र्याचं छप्पर, आणि उन्हाळ्यात ते छप्पर सावली कमी अन् आच जास्त देतं. लोक तिला उकळीमावशी म्हणतात. चहासाठी नव्हे, दुधासाठी.

मुलांच्या वॉर्डात फ्रिज नाही. म्हणजे आहे एक, पण त्यात औषधं असतात आणि साहेब लोकांच्या पाण्याच्या बाटल्या असतात. आजारी पोरांसाठी आयांनी आणलेलं दूध त्यात ठेवायला जागा नसते, कधीच नसते. मग आया सकाळी दूध घेऊन खाली येतात आणि उकळीमावशीच्या गाडीवर भांडी ठेवतात. ती सकाळी उकळते, दुपारी उकळते, संध्याकाळी उकळते. फुकट. एकदा एका बाईला नाही म्हणता आलं नाही, आणि त्या दिवसापासून हे गळ्यात पडलं ते पडलंच.

गाडीच्या मागच्या बाजूला एक पसरट परात. तिच्यात पाणी, पाण्यात भांडी, भांड्यांवर ओलं फडकं. कुठलं कोणाचं ते ओळखायला भांड्यांच्या कानाला बांधलेल्या रंगीत चिंध्या. दूध उकळलं की आधी झाकण अर्धवट, वाफ बाहेर जाऊ द्यायची, भांडं परातीत लवकर थंड करायचं, मग झाकायचं. वाफ आत कोंडली की पाणी होऊन परत दुधातच पडतं, आणि दूध ऊन राहतं. हे तिनं इतक्या बायांना सांगितलं होतं की आता तोंडाला कंटाळा आला होता.

त्या दिवशी तर सगळ्याचाच कंटाळा आला होता. घोटे सुजलेले. रात्री वीज नव्हती, डोळ्याला डोळा नाही. दुपारी गर्दी ओसरल्यावर ती स्टुलावर बसून एकेका भांड्याला बाहेरून हात लावत होती. तिची पद्धत सोपी. गार लागलं तर उकळायचं बाकी, ऊन लागलं तर झालेलं. गार, गार, गार. शेवटचं, निळ्या चिंधीचं भांडं परातीच्या बाहेर होतं; तिनं पुरतं न बघताच त्याच्या काठाला हात लावला आणि ते कोमट होतं.

"हे झालं वाटतं," ती स्वतःशीच म्हणाली आणि बाकीची स्टोव्हवर चढवली.

निळी चिंधी रंगाऱ्याची. घरं रंगवणारा माणूस, नखांत अजून पांढरा रंग. त्याची बारकी पोरगी वॉर्डात होती, लांबलेल्या तापातून उठलेली. बायको नुकतीच बाळंत झालेली, ती घरी. पोरगी काही खात नव्हती. खिचडी थुंकायची, बिस्किट फेकायची. कालपासून फक्त दूध घ्यायला लागली होती, तेही बाप पाजेल तर. डॉक्टर म्हणाले होते, पोटात काहीतरी गेलं पाहिजे, पण पोट बिघडलं तर पुन्हा पहिल्यापासून सगळं.

उन्हं कलायला लागली तेव्हा रंगारी पेला घेऊन खाली आला.

"मावशी, उठली ती. दूध मागतेय! स्वतःहून!" त्याच्या तोंडावर असं हसू की जणू पोरगी परीक्षेत पहिली आली.

"बरं झालं बाबा. घे." मावशीनं भांडं उचललं. अंगाभोवती पंचा गुंडाळलेला, त्यावर प्लास्टिकचं घट्ट झाकण. "हे काय गुंडाळलंयस?"

"धूळ उडते ना रस्त्याची. सकाळी मी आलो तेव्हा तुम्ही गिऱ्हाइकात होता. उकळलेलं भांडं मीच नीट बांधून ठेवलं."

मावशीनं झाकण काढलं. साय वर होती, पण नेहमीसारखी जाड, कोरडी नाही. बोटानं सरकवली तर बुळबुळीत, तार धरणारी. कडेला पिवळसर रेघ. वास तसा नव्हता. म्हणजे होता, अगदी मागे, ओलं फडकं कोपऱ्यात राहिल्यासारखा. ती थांबली. करंगळीनं एक थेंब जिभेवर घेतला. आधी गोड, मग मागून किंचित आंबट.

"थांब."

"काय झालं?"

"सगळं तापवायचं नाही. आधी एवढंसं बघू." तिनं पळीत थोडं दूध घेतलं आणि पळी ज्योतीवर धरली. दूध कडेनं फसफसलं, वर यायला लागलं, आणि मग बारीक रवाळ झालं, वर निळसर पाणी. कोणालाही दिसावं असं.

रंगाऱ्याचं हसू गेलं. "फाटलं?"

"फाटलं."

"पण वास येत नाहीये! मी सकाळपासून तेच पाजतोय. सकाळी चांगलं होतं."

"सकाळी होतं. आता नाही. वास यायला लागेपर्यंत कशाला थांबायचं? वास आला की ते कुत्र्यालाही कळतं."

तो गाडीवर वाकला. "बाजूच्या खाटेवरचे काका म्हणत होते, चिमूटभर खायचा सोडा टाकला की फाटत नाही. तुमच्याकडे आहेच की सोडा."

ती काही म्हणायच्या आत त्यानं भज्यांच्या पिठाशेजारचा डबा ओढला. तिनंच पळी पुढे केली. "टाक. बघच."

त्यानं त्याच भांड्यातलं आणखी थोडं दूध पळीत घेतलं, सोडा टाकला, पळी ज्योतीवर धरली. दूध वर आलं, छान, गुळगुळीत, एक कण नाही. रंगारी तिच्याकडे बघून म्हणाला, "काय मावशी? म्हणत होतो ना? उगाच फेकून द्यायला लावत होता."

"चाख."

"काय चाखायचं त्यात?"

"अरे चाख म्हणते ना. आधी हे, मग माझ्या चहाच्या उरलेल्या घोटभर दुधातलं."

त्यानं पळीतला एक घोट घेतला, मग तिनं वाटीत दिलेल्या दुधाचा दुसरा. चेहरा वाकडा झाला. "पहिलं खारट लागतंय. साबण घातल्यासारखं."

"आणि रंग बघ, पिवळट. आंबटपणा मेला म्हणून फाटलं नाही, इतकंच. जे बिघडलंय ते तिथंच आहे. बाजूच्या काकांना म्हणावं, स्वतः प्या भांडंभर, मग पोरीला पाजू."

रंगाऱ्यानं पळी खाली ठेवली. मग तो ज्या प्रश्नावर यायचा तिथं आलाच. "पण फाटलं कसं? तुम्ही दुपारी उकळता ना? सगळ्यांचं उकळता."

गाडीभोवती एव्हाना चार-पाच आया जमल्या होत्या, भांडी घ्यायला. सगळ्यांचे कान तिकडे. मावशीच्या डोळ्यांपुढे ते कोमट भांडं आलं. सगळ्यांची भांडी पाण्यात गार झाली, हे एकटंच पंच्यात गुंडाळलेलं, म्हणून सकाळची ऊब धरून बसलेलं. ना गरम, ना गार. दुधाला नासायला याहून चांगली जागा कुठली?

म्हणता आलं असतं, तूच गुंडाळलंस. ते खोटंही नव्हतं. तिनं ओठ चावला.

"दुपारी तुझं उकळलंच नाही मी. हात लावला, ऊन लागलं, म्हटलं झालंय. चुकले."

"चुकले?" त्याचा आवाज चढला. "पोरगी वर दूध मागतेय आणि तुम्ही म्हणता चुकले? विश्वासानं ठेवलं होतं तुमच्याकडे!"

"विश्वासानं ठेवलं होतंस तर गुंडाळलंस कशाला मला न विचारता? आणि पेल्यात उरलेलं पोरीचं उष्टं परत याच भांड्यात ओतलंस की नाही? खरं सांग."

तो अडखळला. "थोडंच होतं. फेकायचं कसं?"

"तेच तर. फेकायला जीव होत नाही म्हणून नासतं. उष्टं परत गेलं की सगळ्या भांड्याला लागतं."

एक बाई मध्ये आली, आपली पिवळ्या चिंधीची कासंडी उचलली आणि निघून गेली. तिच्या मागून अजून एक. तिनं झाकण उघडून आत हुंगलं, पदर नाकाशी धरला, आणि गेली. मावशी त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. तिला राग यायला हवा होता, नेहमी येतो. पण आज रागालाही जोर लागत होता.

"ऐक," ती रंगाऱ्याला म्हणाली. "माझी पिशवी आहे, दुपारी घेतलेली, न उघडलेली. संध्याकाळच्या चहाची. घे."

"नको तुमचं दूध."

"मग काय पाजणार? अभिमान? वॉर्डात जाऊन सांग तिला, बापाला राग आलाय, बाळा, उद्या पी."

पलीकडे एक आजी हसली. रंगारी हसला नाही, पण पुढे आला. "मी उकळणार. तुम्ही हात लावायचा नाही."

"लावत नाही बाई. माझे हात तसेही गळून गेलेत."

तिनं पिशवी कापली, आणि तीही हुंगून, पळीभर ज्योतीवर धरून बघितली. पळीतलं फाटलं नाही. मग ती स्टुलावर बसली आणि बसल्या बसल्या बोलत राहिली. ते नासलेलं ओतून दे, भांडं आधी कडकडीत पाण्यानं धू. अरे, ते फडकं नको, त्यानंच कट्टा पुसलाय. ढवळ, तळाला लागेल. वर आलं की बारीक कर आणि थोडा वेळ तसंच उकळू दे, घाई नको, भिंत रंगवतोस तशी एक हात मारून पळू नको.

"माझं काम एका हातात होत नाही, मावशी. दोन-तीन मारावे लागतात."

"मग इथंही तेवढाच जीव लाव."

त्यानं लावला. पेलाभर दूध वेगळं काढलं, उरलेलं भांडं परातीच्या पाण्यात ठेवलं, झाकण तिरकं केलं, भोवती ओलं फडकं. पंचा खांद्यावर टाकला. पेला फुंकत फुंकत तो फाटकातून आत गेला, आणि जाताना एकदाही तिच्याकडे बघितलं नाही.

संध्याकाळी भेटीची वेळ संपली आणि गिऱ्हाइकं आली. चहाला दूध नाही म्हटल्यावर सगळ्यांनी नाकं मुरडली. "काळा? अहो मावशी, सुतक आहे का?" वॉचमन म्हणाला, "आज मावशीनं दूध स्वतःच पिऊन टाकलंय, बघा अंग कसं सुटलंय." तिनं त्याला काळाच दिला, साखर कमी घालून.

रंगारी परत आला तेव्हा ती उरलेली भांडी उकळत होती. पेला धुऊन आणला होता.

"प्यायली?"

"प्यायली. अर्धा सांडला माझ्यावर. उरलेलं मी मोरीत ओतलं." हे सांगताना त्याचा आवाज जड झाला, जणू त्यानं काही मौल्यवान बुडवलं होतं. मग म्हणाला, "उद्या सकाळी?"

"ठेव की. पण उकळायला तू ये. मी कोणाकोणाचं किती बघू?"

"येतो."

तो गेला. मावशीनं एका भांड्याला सवयीनं बाहेरून हात लावला आणि लगेच काढून घेतला. झाकण उचललं, आत बघितलं, वास घेतला, पळीत थोडं ओतलं. असं प्रत्येक भांड्याचं, दिवसातून तीनदा. तिनं पाय लांब केले, घोटे चोळले, आणि पुढचं झाकण उचललं.