लाल रेघ आली नाही

दौंडच्या कोर्टासमोरच्या चहाच्या टपरीवर अजून सांगतात, की खंडूची चार बोटं मशीननं खाल्ली आणि त्याची भरपाई बानू तांबोळीनं. कंपनीनं म्हणे तिला त्या कामाबद्दल नवाकोरा कॉम्प्युटर दिला. सांगणारा भुवया वर नेतो, आवाज खाली आणतो, 'जाऊ द्या, आपल्याला काय करायचंय' म्हणतो आणि पुन्हा पहिल्यापासून सांगतो.

खोटं आहे. कॉम्प्युटर नवाकोरा नव्हताच. पुण्याहून वापरलेला आणला होता, तोही खंडूच्या अपघाताच्या दोन वर्षं आधी. 'के' एकदा दाबला की दोनदा उमटायचा. कंपनीच्या माणसाचं तोंडही बानूआपांनी तोवर पाहिलं नव्हतं. एवढं मात्र खरं, की चूक त्यांचीच होती. हे त्या स्वतःच सांगायच्या, आणि गावाला नेमकं तेवढंच खोटं वाटायचं.

मी त्यांच्याकडे टायपिंगच्या क्लासला जायचे. माझा वेग तिशीच्या पुढे कधी गेला नाही, पण सगळ्यांचे आवाज काढायला मी तिथंच शिकले. आपांचा आवाज कोरडा, शब्द मोजून टाकल्यासारखे. "पोरी, बोटं बघू नगंस. कागद बघ." समोरच्या वकिलांचे कारकून कोंडिबाआप्पा यांचा आवाज नाकातून यायचा, आणि वाक्य संपायच्या आत घाई सुरू व्हायची: "झालं का? झालं ना? मंग द्या की."

टाइपरायटरच्या दिवसांत आपांच्या दुकानात एक रीत होती. कागद टाइप झाला की ताडायचा. एकानं हातानं लिहिलेला मूळ मसुदा मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं टाइप केलेल्या कागदावर बोट फिरवायचं. स्वल्पविराम आला तर "स्वल्पविराम" असं म्हणायचं. अर्ध्या तासाचं काम असेल तर दहा मिनिटं ताडण्यात जायची. पक्षकार जांभया द्यायचे, कोंडिबाआप्पा घड्याळ बघायचे, पण कागद ताडल्याशिवाय उंबऱ्याबाहेर जायचा नाही.

कॉम्प्युटर आला आणि लाल रेघ आली. इंग्रजी शब्द चुकला की खाली वळवळत उमटायची. कोर्टाच्या आवारात तिचं फार कौतुक झालं. कोंडिबाआप्पा पडद्यावर वाकून म्हणायचे, "लाल हाय का? न्हाई? मंग छापा. आता कशाला ताडायचं, मशीन हाय ना हुशार!"

मशीन हुशार नव्हतं. शब्द त्याच्या यादीत आहे की नाही, एवढंच ते बघायचं. कॉलेजला गेलेल्या एका अर्जात 'प्रिन्सिपल' म्हणजे प्राचार्य लिहायचं, तिथं तत्त्व या अर्थाचा 'प्रिन्सिपल' पडला. दोन्हींचा उच्चार एक, दोन्ही शब्द यादीतले, मग रेघ कशाची येणार? शिपायानं अर्ज हसत परत आणून दिला. मीही त्या शिपायाची नक्कल करून क्लास हसवला. आपा हसल्या नाहीत. पुढचे आठ दिवस त्यांनी प्रत्येक कागद ताडला. मग गिऱ्हाईकं शेजारच्या दुकानात जाऊ लागली आणि रीत पुन्हा सुटली.

खंडू खुटबावचा. पत्र्याच्या कारखान्यात प्रेसवर होता. उजव्या हाताची चार बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला. कंपनीचं म्हणणं, यानं मशीनचं सुरक्षेचं गार्ड मुद्दाम काढलं होतं. तसं ठरलं तर कायद्यानं भरपाई नाही. खंडूचं म्हणणं, गार्ड महिनाभर मोडूनच पडलं होतं. सगळी केस त्या एका गोष्टीवर उभी होती.

त्याचं इंग्रजी प्रतिज्ञापत्र आपांच्याच दुकानात टाइप झालं. कोंडिबाआप्पांच्या वकिलांनी हातानं लिहून दिलेल्या मसुद्यात वाक्य होतं: मी गार्ड काढलं नव्हतं. त्यातल्या 'नॉट'च्या जागी आपांची बोटं 'नाऊ' दाबून गेली. एकच अक्षर, 'टी'च्या जागी 'डब्ल्यू'. वाक्य झालं: मी आता गार्ड काढलं होतं. इंग्रजी म्हणून जरा विचित्र, पण 'नाऊ' शब्द खरा. रेघ आली नाही.

आपा म्हणाल्या, "आप्पा, ताडून घिऊ."

"अहो आपा, पुण्याला जायाची गाडी हाय. लाल हाय का?"

"न्हाई."

"मंग?"

आपांनी छापलं. मी तिथंच होते. खंडूला इंग्रजी येत नव्हतं. 'मजकूर मराठीत समजावून सांगितला' असा शिक्का खाली पडला, आणि कोंडिबाआप्पांनी समजावलं ते असं: "तुझंच लिवलंय रं. ठेव अंगठा." त्यानं डाव्या हाताचा ठेवला.

चार महिन्यांनी पुण्याच्या कामगार न्यायालयात कंपनीच्या वकिलानं ते वाक्य त्याच्यापुढं वाचलं. अंगठा तुमचाच का, असं विचारलं. खंडू व्हय म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

त्या संध्याकाळी त्याची बायको पार्वतीबाई दुकानात आली. ओरडली नाही. टेबलावर कागद ठेवला आणि म्हणाली, "आपा, आमी काय वाईट केलतं तुमचं?" आपांनी कागद वाचला. मग कपाटातून मसुदा शोधायला लागल्या. मसुदा तिथं नव्हता, तो दर वेळी कारकुनाबरोबर परत जायचा. कोंडिबाआप्पांनी आपली गठडी उपसली. "हितंच व्हता की," म्हणत राहिले. त्यांचा नाकातला आवाज त्या दिवशी नाकातून येत नव्हता. मी तो नंतर कधी काढला नाही.

आपांनी स्वतःचं प्रतिज्ञापत्र केलं: चूक माझी, मसुद्यात नकार होता. ते दोनदा ताडलं. आवारातल्या लोकांनी सांगून पाहिलं, की असं लिहून दिलंत तर पुढं कोण काम देईल? आपा म्हणाल्या, "नगं देऊ."

पुण्याला मी बरोबर गेले. कंपनीच्या वकिलाचा आवाज तुपात भिजवलेला.

"बाई, कॉम्प्युटर स्पेलिंग तपासतो ना?"

"व्हय."

"त्यानं चूक दाखवली?"

"न्हाई. त्याला शब्द कळतो, खंडूनं काय केलं ते न्हाई कळत."

"मूळ मसुदा आहे?"

"न्हाई."

"म्हणजे चूक झाली, हे फक्त तुम्ही म्हणता."

"चूक माझ्या हातून झाली, तर दुसरं कोण म्हणणार, साहेब?"

कोर्टात कुणी हसलं नाही. मला वाटलं, जिंकलो.

परतीच्या गाडीत मी त्या वकिलाची नक्कल केली, पार्वतीबाईला हसू यावं म्हणून. ती खिडकीबाहेर बघत राहिली. खंडू डाव्या हातानं तिकिटं धरून बसला होता. केडगाव गेल्यावर मी आपांना म्हणाले, "जजसाहेब मानणार. तुम्ही बोललात तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं होतं. पैज लावा."

"न्हाई मानायचे," आपा म्हणाल्या. "अंगठा कागदावर हाय. मी नुसती तोंडानं बोलले."

"मग लावा की पैज!"

"हरलीस तर वर्षभर माझ्यासमोर बसून येईल त्यो कागद मोठ्यानं वाचायचा. तुझ्या सोताच्या आवाजात. सोंगं न्हाई."

निकाल दीड महिन्यानं आला. साहेबांनी लिहिलं होतं, की उलटतपासणीनंतर सुचलेली ही दुरुस्ती मानता येत नाही. अर्ज फेटाळला. खंडू त्याच आठवड्यात भांडगावच्या एका ढाब्यावर पाणी भरायच्या कामाला लागला. डाव्या हातानं.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी आपांच्या समोरच्या खुर्चीत बसले. त्या दिवशी एकच कागद आला, रहिवासी दाखल्याचा. मी तो वाचला, स्वल्पविरामासकट.