एक की एल

पिंपरीत कारखाने नुकते उभे राहत होते, तेव्हाची गोष्ट. आमच्या ऑफिसात मी परदेशी पत्रव्यवहार पाहायचो आणि माझ्याशेजारी मराठवाड्यातून आलेला एक टायपिस्ट बसायचा. नोकरी अजून कच्ची होती. ती पक्की झाली की बायकोला गावाहून आणायचं, म्हणून त्यानं पिंपळे गुरवला एक खोलीही बघून ठेवली होती. खोलीच्या खिडकीचं वर्णन मी इतक्यांदा ऐकलं होतं, की तिच्यातून येणारं ऊनही मला लागायला लागलं होतं.

एका मोठ्या मशीनचा गिअर तुटला. बाहेरच्या देशातून नवा मागवला. बोटीनं यायला महिने गेले, आणि आला तो बसेचना. बाजूच्या गावातला आमचा फिटर तो हातात फिरवत म्हणाला, "ह्यो आपला न्हाईच."

साहेबांनी मागणीच्या पत्राची प्रत मागवली. गिअरचा कोड म्हणजे के, एक उभी रेघ, एक गोल आणि शेवटी सात. घोटाळा तिथंच होता. आमच्या टाइपरायटरला एक आणि शून्य यांची बटणंच नव्हती. एकाच्या जागी इंग्रजीतला छोटा एल मारायचा, शून्याच्या जागी मोठा ओ. टायपिंगच्या क्लासात तसंच शिकवत, आणि हिशेब, पत्ते, तारखा अशा सगळ्यात ते खपूनही जाई. वाचणारा संदर्भानं समजून घेतो. कोडला कसला आलाय संदर्भ! तिकडच्या लोकांनी दोन्ही खुणा आकडे धरल्या आणि त्या नंबरचा गिअर पाठवून दिला.

साहेब तसे न्यायी होते. टायपिस्टला बोल न लावता म्हणाले, "आता प्रत्येक खुणेसमोर हातानं लिहा, आकडा की अक्षर."

तेवढं सोपं असतं तर काय हवं होतं! कोडची पट्टी भिंतीकडच्या बाजूला होती आणि मशीन सिमेंटच्या पायात घट्ट बसवलेलं. ते उखडल्याशिवाय पट्टी दिसणार नव्हती. जवळ होता तो मशीन बसवण्याआधी काढलेला एकच फोटो, पहिल्या पत्रातला कोडही त्यावरूनच उतरवलेला, आणि त्यातही पट्टीवर उजेड चमकलेला. फिटरनं पाहिला आणि सांगितलं, "रेघ म्हंजी एक आकडाच हाय की. कोडात एक आसतोय. गोल आसंल ओ." मलाही एकच वाटला.

टायपिस्टनं भिंग घेतलं. कोडकडे त्यानं आधी पाहिलंच नाही. त्याच पट्टीवर मशीनचं साल कोरलेलं होतं, मिनिटाच्या फेऱ्यांचा आकडा होता आणि कंपनीचं नाव होतं. सालातल्या एकाला वरच्या टोकाला डावीकडे छोटी तिरकी शेंडी होती. कोडातल्या रेघेला ती नव्हती, शिवाय रेघ सात आकड्यापेक्षा किंचित उंच होती. गोलाचंही त्यानं तसंच केलं. नावातला ओ गोलमटोल होता आणि फेऱ्यांमधली शून्यं बारीक. कोडातला गोल बारीक होता.

"रेघ एल हाय, गोल शून्य हाय," तो म्हणाला.

"शेंडी उजेडात गेली असेल," साहेब म्हणाले.

"सालातल्या एकावर बी तेवढाच उजेड हाय साहेब, तिथली दिसू लागली."

साहेबांनी बराच वेळ फोटो पाहिला. मग म्हणाले, "तुमच्या सहीनं पाठवा. पुन्हा चुकीचा माल आला तर मात्र मला तुम्हाला ठेवता येणार नाही."

बाहेर आल्यावर मी त्याला चांगला झापला. आ बैल मुझे मार करायची काय गरज होती? नीट वाचता येत नाही, तुम्हीच कळवा, असं कंपनीला लिहून मोकळा झाला असता.

"मग त्यांचं उत्तर येणार, मग आपलं जाणार. तवर मशीन पडूनच ना भाऊ?" तो म्हणाला. "आणि वाचता आलं की."

त्यानं सही केली. मला त्याचा राग आला होता, आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटला होता. मी अशी सही केली नसती. खोलीच्या मालकानं वाट पाहून खोली दुसऱ्याला दिली. त्यानंतर खिडकीचा विषय निघाला नाही.

गिअरची पेटी आली त्या दिवशी तो जागेवरून उठलाच नाही. वर्कशॉपमधून निरोप येईपर्यंत एकच पत्र समोर धरून बसला. निरोप घेऊन फिटर स्वतः आला, हात तेलानं माखलेले. "बसला बगा. लोण्यावानी बसला."

दुपारी साहेबांनी मला बोलावून त्याच्या पक्केपणाच्या हुकुमाचा मजकूर सांगितला. ऑफिसात टायपिस्ट एकच. मी लिहून घेतलेला कागद त्याच्याच टेबलावर ठेवला. त्यानं तो वाचला, टाइपरायटर पुढे ओढला आणि टाइप करून तपासायला माझ्याकडे दिला.

मी वाचत गेलो. हुद्दा बरोबर होता, पगार बरोबर होता. चूक होती ती त्याच्या स्वतःच्या नावात. दोन अक्षरं गाळून गेला होता. मी बोट ठेवून दाखवलं. त्यानं भिंगही न घेता, डोळे अगदी कागदाला लावून ते नाव पाहिलं, बाहीनं डोळे पुसून पुन्हा पाहिलं, आणि म्हणाला, "भाऊ, तुम्हीच वाचून सांगा, मला दिसंना."